‘बरं’च्या आधी कोण बोललं

मी लिहिलेली एक बारा पानांची पुस्तिका रोह्यात अजून काही जणांच्या घरी असेल. तिच्यात एक बाई चोर ठरते. त्या बाईने चोरी केली नव्हती, आणि हे मला ती पुस्तिका लिहितानाच माहीत होतं. आज माझं वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. माझ्या मागे कुणी ही गोष्ट सावरून सांगायच्या आत मीच ती सरळ सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर मी रोह्याला आठवड्यातून दोन संध्याकाळी मराठी शिकवायला जात असे. पेणहून गाडीने जायचं, शिकवायचं, परत यायचं. शिकणारे सगळे बाहेरून आलेले. कुणी कंपनीत, कुणी बँकेत, कुणी लग्न होऊन इथे आलेली. त्यांना मराठी येत नव्हतं असं नाही. बाजारात भाव करता येत होता, शेजाऱ्याशी भांडता येत होतं. अडायचं ते एकाच ठिकाणी. काल कोण कुणाला काय म्हणालं हे तिसऱ्याला सांगायची वेळ आली की गाडी रुळावरून घसरायची. “साहेब बोलला की तू उद्या ये,” असं एकजण मला सांगायचा. उद्या मी यायचं की त्याने, हे दोघांनाही कळायचं नाही.

त्यांच्यासाठी वाचायला काही नव्हतं. शाळेची पुस्तकं त्यांना बालिश वाटायची आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या पेलायच्या नाहीत. म्हणून मीच एक छोटी रहस्यकथा लिहायची ठरवली. रहस्यकथा या कामाला फार सोयीची असते. काहीतरी हरवतं, कुणीतरी चौकशी करतं, प्रत्येकजण दुसरा काय म्हणाला ते सांगतो. पहिल्या प्रकरणात माणसं समोरासमोर बोलतात, ते अवतरणचिन्हांत येतं. पुढच्या प्रकरणात तेच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून येतं. वाचणाऱ्याने मागचं पान उघडायचं आणि ताडून बघायचं: हा माणूस खरं सांगतोय का? कुणी बोलण्यातलं काही खाल्लंय का? भाषेचा अभ्यास आणि चोराचा शोध एकाच वेळी होतो.

नियमही मी घालून घेतले होते. वाक्य दहा-बारा शब्दांपुढे न्यायचं नाही. माणसं चारच. एका प्रकरणात एकच नवी गोष्ट. पहिल्यांदा साधी विधानं: “मी येते,” ती म्हणाली, मग, मी येते असं ती म्हणाली, मग, आपण येत असल्याचं तिने सांगितलं. त्यानंतर प्रश्न: “साचा कुठे आहे?” याचं, साचा कुठे आहे असं त्याने विचारलं. हुकूम सगळ्यात शेवटी. “हा साचा उद्या घेऊन जा,” हे सांगताना ‘हा’चा ‘तो’ होतो, ‘उद्या’चा ‘दुसऱ्या दिवशी’ होतो आणि ‘जा’चं ‘जायला सांगितलं’ होतं. तीन गोष्टी एकदम बदलतात, म्हणून हुकूम मी सहाव्या प्रकरणासाठी राखून ठेवला होता.

हा नियम लक्षात ठेवा. मी ज्याच्यामागे लपलो तो हाच.

आता खरं काय घडलं ते. पेणला माझ्या घराजवळ दोन भावांचा गणपतीचा कारखाना आहे. रोज दुपारी मी तिथे पेपर वाचत बसायचो. चहा त्यांचा, खुर्ची त्यांची. तिथे रोह्याच्या वाटेवरच्या कासू गावची एक बाई मूर्तींचे डोळे आखायला येत असे. पन्नाशीची, नवरा मिठागरावर काम करून पाठीने अधू झालेला, घर हिच्यावर. डोळ्यांची आखणी हे कारखान्यातलं सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम. बाकी रंग चुकला तर झाकता येतो. डोळा चुकला की मूर्ती कुणी घेत नाही. तिचा हात चुकत नसे.

त्या वर्षी थोरल्या भावाने नऊ इंची मूर्तीचा एक नवीन नमुना करवून घेतला होता. उंदीर मूर्तीच्या मांडीवर चढून बसलेला, असा. त्याचा रबरी साचा एकच होता, आणि तो बाहेर जायचा नाही असं थोरल्याने सगळ्यांना बजावलं होतं.

एका दुपारी थोरला घरी जेवायला गेला होता. धाकटा आतून एक कापडी पिशवी घेऊन आला आणि आखणीच्या पाटाजवळ उभा राहिला. मी चार हातांवर बसलो होतो. त्याच्या मेव्हण्याचीही कासूला मूर्तींचीच एक शेड होती.

“हा साचा माझ्या मेव्हण्याच्या शेडवर दे,” तो तिला म्हणाला. “तू कासूचीच हायस. जाता जाता दे. चार दिवसांत परत येतोय.”

तिने ब्रश पाण्यात ठेवला. “बरं, मी नेते. पन मोठ्या मालकांना ठाव हाय ना?”

“ठाव हाय गो. तू ने.”

मी पेपरचं पान उलटलं. एवढंच झालं. बाईने पिशवी घेतली आणि संध्याकाळी गाडीने कासूला गेली.

पुढे काही आठवड्यांनी थोरल्या भावाला रोह्याच्या एका दुकानात तोच गणपती दिसला. तीच मांडी, तोच उंदीर, आणि ह्यांच्या साच्यात कानामागे जो हवेचा बारीक फुगा राहिला होता तोही तसाच. त्या साच्याचं त्या वर्षीचं ओतकाम उरकलं होतं, म्हणून इतके दिवस कपाटात कुणी बघितलं नव्हतं. तो चिडून कारखान्यात आला, कपाट उघडलं, साचा नव्हता. त्याने सगळ्यांना उभं केलं. मी त्या दिवशी तिथे नव्हतो, पण दुसऱ्या दिवशी चहाबरोबर सगळं ऐकायला मिळालं. थोरल्याने विचारलं, साचा कुणी नेला. बाई म्हणाली, “मी नेला. धाकट्या मालकांनी मेव्हण्याकडे द्यायला सांगितला म्हनून नेला.” धाकटा म्हणाला, “मी? मी कशाला सांगू?” मेव्हण्याला फोन लावला, त्याने हात वर केले. थोरला म्हणाला, बघू. बाईला कामावरून काढलं नाही, पण तिच्याशी बोलणं सोडलं.

मी ऐकलं होतं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी बोललो नाही. धाकटा तिथेच बसून माझ्या कपात चहा ओतत होता.

त्याच आठवड्यात मला रहस्यकथा पुरी करायची होती. आयता प्रसंग हातात होता. हरवलेला साचा आणि चार माणसं: एक बाई, दोन भाऊ, एक मेव्हणा. मी नावं घातली नाहीत, ‘एक रंगारीण’, ‘थोरला मालक’, ‘धाकटा मालक’ असंच लिहिलं. आणि पहिल्याच प्रकरणात अडलो. धाकट्याचं बोलणं हुकूम होता. हुकूम सहाव्या प्रकरणात. पहिल्या प्रकरणात विधानंच हवी होती. मी धाकट्याची ओळ गाळली. तिचा प्रश्नही गाळला, कारण प्रश्न तिसऱ्या प्रकरणात. उरलं एवढं:

रंगारीण म्हणाली, “बरं, मी नेते.” तिने पिशवी उचलली.

ओळ गाळली की गोष्ट आपोआप वळली. आता साचा नेणारी एकटीच उरली. चोर तीच असणार. चौथ्या प्रकरणात थोरला विचारतो, “साचा तू नेलास का?” ती म्हणते, “हो, नेला.” आणि मग माझा सगळ्यात मोठा उद्योग. सांगण्याची क्रियापदं शिकवायची होती: म्हणाली, सांगितलं, बजावलं, नाकारलं, कबूल केलं. मी लिहिलं, ‘साचा आपण नेल्याचं तिने कबूल केलं.’ बाईने जे बिनधास्त सांगितलं होतं ते मी ‘कबूल केलं’ असं लिहिलं. कबूल गुन्हा करतात. पस्तीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलं, तेव्हा हे मला कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. कळत होतं. वाक्य छान जमलं होतं, म्हणून ठेवलं.

पुस्तिका वर्गात वाटली. वर्गात थोरल्या भावाची सून होती. ती धारवाडकडची, नवरा रोह्याला कंपनीत, म्हणून तिथे राहायची. सणाला पेणला आली तेव्हा तिने सासऱ्याला मोठ्या कौतुकाने ती वाचून दाखवली. सासऱ्याने पुस्तिका हातात घेतली, स्वतः पुन्हा वाचली, आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात आल्यावर बाईला म्हणाला, “उद्यापासून येऊ नकोस.”

ती तिसऱ्या दिवशी माझ्या घरी आली. पायरीवर उभी राहिली, आत आली नाही.

“मास्तर, तुम्ही तवा तितंच बसलेले.”

“बस की गो. पाणी देऊ?”

“पानी नको. मी मोठ्या मालकांना सांगितलं, धाकट्यांनी दिलेला. ते काय बोलले ठाव हाय? बोलले, मास्तर तितं व्हते, तसं असतं तर मास्तरांनी लिवलं असतं.”

मी म्हणालो, “अगं, ती गोष्ट आहे. शिकायला केलेली. त्यात खरं-खोटं काही नसतं.”

“मंग माझं बोलनं त्यात कसं? ‘मी नेते’ हे माझंच हाय. धाकट्यांचं कुटं गेलं?”

मी तिला अभ्यासक्रम समजावून सांगितला. खरंच सांगितला. हुकूम सहाव्या प्रकरणात येतात, असं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे माझी रोजी सहाव्या पानापत्तुर थांबायची.” आणि निघून गेली.

मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन चहा प्यायलो. धाकट्याने विचारलं, “ती तुमच्याकडे आलेली म्हणे.” मी म्हणालो, “आलेली. काही नाही.” वर्ष गेलं. बाई खाडीपलीकडच्या एका लहान कारखान्यात मूर्ती पॉलिश करत असल्याचं कानावर आलं. आखणी करणारा हात पॉलिशपेपरला लावला होता. मला वाईट वाटलं आणि मी तेवढ्यावर थांबलो. वाईट वाटलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं, हा माझ्यासारख्या माणसांचा जुना धंदा.

पुढच्या वर्षी वर्गात ओडिशाचा एकजण आला. कंपनीत बॉयलरवर, शिफ्ट करून थेट वर्गात येणारा. डोळे लाल, पण प्रश्न सगळ्यात जास्त. मी वर्गाला पुस्तिकेवर नेहमीचा सराव दिला: पहिल्या प्रकरणातलं बोलणं तिसऱ्या माणसाला कसं सांगाल ते सांगा. काही गाळायचं नाही. कोण बोललं, कुणाला, विधान की प्रश्न की हुकूम, आणि उत्तर असेल तर कशाचं उत्तर.

तो उठला. “सर, हे होत नाही.”

“का होत नाही? मी साचा नेते असं ती म्हणाली. संपलं.”

“ते झालं. पण ‘बरं’चं काय करू?”

“बरंचं काय?”

“तुम्हीच शिकवलंत सर. कुणी काही सांगितलं की आपण ‘बरं’ म्हणतो. ते मान्य करणं असतं. मला लिहावं लागेल, ‘तिने ते मान्य केलं आणि साचा नेते असं सांगितलं.’ पण ते म्हणजे काय? तिच्या आधी कोण बोललं? पानावर कुणीच नाही.”

वर्गात कुणीतरी हसलं. एकजण म्हणाला, “सरांची प्रिंटिंग मिस्टेक.”

“मिस्टेक नाही,” तो म्हणाला. “सर, ही बाई चोर नाही. चोर चार लोकांसमोर ‘बरं, नेते’ म्हणत नाही. तिला कुणीतरी न्यायला सांगितलं. ज्याने सांगितलं त्याची ओळ कुणीतरी काढली. तोच चोर.” मग जरा थांबून, “किंवा ओळ काढणारा.”

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांना वाटलं हा कोड्याचा भाग आहे आणि सर आता शाबासकी देणार. मी म्हणालो, “बरोबर आहे. ओळ मी काढली.” ते पुन्हा हसले. त्यांना तो विनोद वाटला.

परत येताना गाडी कासूला थांबली तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून बसलो होतो. आणि मग मला स्वतःचाच इतका राग आला की उठून दारात जाऊन उभा राहिलो. एका परक्या मुलखातून आलेल्या, शिफ्टने झोप मोडलेल्या माणसाला जे बारा पानांत दिसलं, ते पेणमधल्या कुणाला दिसू नये? त्यांना दिसायची गरजच नव्हती. बाई मिठागरावरच्या मजुराची, मालक मालक, आणि छापलेलं मास्तरचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कारखान्यात गेलो. दोघे भाऊ होते, कामगारही होते. खुर्चीत बसलो नाही. थोरल्याला म्हणालो, “त्या दुपारी मी इथे होतो. तुमच्या भावाने तिला साचा मेव्हण्याच्या शेडवर द्यायला सांगितलं. तिने विचारलं, मोठ्या मालकांना माहीत आहे ना. हा म्हणाला, माहीत आहे. मी माझ्या कानांनी ऐकलं.”

धाकटा हसला. “मास्तर आता दुसरी गोष्ट लिवतायत वाटतं. गोष्टीत काय, काय पन घालता येतं.”

मी पायरीवर तिला जे म्हणालो होतो तेच त्याने मला ऐकवलं.

थोरल्याने मान वर केली नाही. “आधी लिहिलंत ते खोटं?”

“अर्धं. अर्धं गाळलं.”

“वर्षभर का नाही बोललात?”

“घाबरलो. ही खुर्ची जाईल म्हणून. दुसरं कारण नाही.”

“मग आता सांगताय ते खरं कशावरून?”

“माझ्यावर विश्वास ठेवू नका,” मी म्हणालो. “ठेवायला नकोच होता. कासूच्या शेडवर जाऊन बघा.”

धाकटा म्हणाला, “दादा, ह्याचं काय ऐकतोस, म्हातारा झालाय तो.” तेव्हा कुठे थोरल्याने त्याच्याकडे बघितलं.

थोरला दोन दिवसांनी कासूला गेला. मेव्हण्याच्या शेडमध्ये साचा खिळ्याला टांगलेला होता. रबराबाहेरच्या प्लास्टरच्या आधारावर ह्यांच्या कारखान्याची कोरलेली खूणही तशीच होती, कुणी घासायची तसदी घेतली नव्हती. कशाला घेतील? चोर आधीच सापडला होता, छापून झाला होता.

त्याच दिवसांत मी पुस्तिका नव्याने लिहिली. धाकट्याची ओळ पहिल्या पानावर घातली, अभ्यासक्रम गेला खड्ड्यात. ‘कबूल केलं’ काढून ‘सांगितलं’ केलं. मग कासूला तिच्या घरी गेलो. तिचा नवरा ओट्यावर आडवा होता. ती तांदूळ निवडत होती. मी पहिलं पान मोठ्याने वाचलं.

“परत वाचा,” ती म्हणाली.

परत वाचलं.

“मी विचारलेलं ते हाय काय त्यात? मोठ्यांना ठाव हाय ना, ते?”

“आहे.”

“ते ठेवा. बाकी ऱ्हायलं तरी चालंल, ते ठेवा.”

मग मी थोरल्याचा निरोप सांगितला. तो मला म्हणाला होता, “तिला म्हणावं, उद्यापासून ये. आखणी तिचीच.” मी तो नीट सांगितला. मालकांनी तुला उद्यापासून यायला सांगितलंय, आखणी तुझीच राहील असं ते म्हणाले.

तिने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. “ते म्हनाले. कुनाला म्हनाले?”

“मला.”

“व्हय ना. ‘येऊ नको’ मला म्हनाले, सगळ्यांसमोर. ‘ये’ मातर तुम्हाला.” तिने सूप खाली ठेवलं. “त्यांना सांगा, इतं यावं आनि माझ्या तोंडावर म्हनावं. धाकट्यांनाबी घेऊन यावं. तुमच्याकडनं निरोप नको मास्तर. मागल्या टायमाला माझं बोलनं तुम्हीच नेलं व्हतं.”

नवरा ओट्यावरून म्हणाला, “जाऊ दे गो, काम मिळतंय ना.”

“तू गप पड.”

मी उठलो. नव्या पुस्तिकेची प्रत तिच्यापुढे ठेवायला गेलो तर म्हणाली, “मला कशाला? माझं मला पाठ हाय. मोठ्यांच्या सुनेला द्या.”

संध्याकाळी पेणला उतरलो तो थेट कारखान्यात गेलो. थोरला एकटाच कपाटासमोर उभा होता, साचा परत जागेवर ठेवत होता. त्याने विचारलं, “काय म्हणाली?”

मी तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तिच्याच शब्दांत, ‘तोंडावर’ सकट, ‘धाकट्यांनाबी’ सकट, माझ्याबद्दलच्या वाक्यासकट. काही सोपं केलं नाही, काही पुढच्या प्रकरणासाठी ठेवलं नाही.

 त्याने कपाट लावलं, आतल्या खोलीकडे बघून धाकट्याला हाक मारली आणि मला म्हणाला, “सकाळची कासूला जाणारी गाडी किती वाजता?”

मी वेळ सांगितली. मी बरोबर येणार का, असं त्याने विचारलं नाही, आणि येऊ का, असं मीही विचारलं नाही.